पतसंस्थेचा राजीनामा: शेअर्सचे पैसे वेगळे, ठेवीचे वेगळे

पगारदार नोकरांच्या पतसंस्थेत मी काही वर्षे संचालक होतो. दर महिन्याच्या सभेत राजीनाम्याचे दोन-चार अर्ज यायचेच. कुणी निवृत्त झालेले, कुणी बदलून गेलेले, कुणी नोकरी सोडलेली. दहापैकी आठ अर्ज एकाच साच्यातले असत: ‘मी सभासदत्वाचा राजीनामा देत आहे, तरी माझी सर्व रक्कम परत मिळावी ही विनंती.’ खाली सही. मग सचिव म्हणायचे, ‘यंदाची शेअर्सची मर्यादा संपली, पुढच्या वर्षी बघू’, आणि तो अर्ज फाइलला लागायचा. त्या ‘सर्व रकमे’त शेअर्स असायचे, कायम ठेव असायची, कधी मुदत ठेवही. एका वर्षात किती रक्कम परत करायची याची ही मर्यादा फक्त शेअर्सना लागू होती, पण अर्जदाराने सगळे एका वाक्यात बांधल्यामुळे ठेवीही शेअर्सबरोबर अडकून पडायच्या.

हा लेख महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या पगारदार नोकरांच्या पतसंस्थेपुरता आहे. तुमची संस्था एकापेक्षा जास्त राज्यांत काम करत असेल, तर तिला बहुराज्य सहकारी संस्था अधिनियम, २००२ लागतो आणि गोव्यातल्या संस्थेला गोव्याचा स्वतंत्र कायदा. पासबुकाच्या पहिल्या पानावर नोंदणी क्रमांक छापलेला असतो, त्यावरून संस्था कुठल्या कायद्याखालची ते आधी पाहून घ्या.

तुमचे कोणते पैसे संस्थेत आहेत

पगारातून दरमहा एकच कपात होते, म्हणून आपल्याला वाटते की तो एकच पैसा आहे. संस्थेच्या वहीत मात्र तो दोन-तीन खात्यांत वाटला जातो.

पहिले खाते भागांचे, म्हणजे शेअर्सचे. सभासद होताना थोडे शेअर्स घेतलेले असतात आणि पुढे प्रत्येक कर्जाच्या वेळी मंजूर रकमेतून ठराविक टक्के शेअर्स म्हणून कापून घेतलेले असतात. हे भांडवल आहे. तुम्ही संस्थेला उसने दिलेले नाही, तुम्ही संस्थेचे वाटेकरी झालात. त्यावर व्याज मिळत नाही, लाभांश मिळतो, तोही नफा झाला आणि वार्षिक सर्वसाधारण सभेने मंजूर केला तरच.

दुसरे खाते ठेवींचे. कुठे त्याला कायम ठेव म्हणतात, कुठे सक्तीची बचत, कुठे नुसतीच मासिक वर्गणी. नाव काहीही असो, ही संस्थेने तुमच्याकडून घेतलेली रक्कम आहे, तिच्यावर व्याज ठरलेले आहे आणि ती संस्थेचे देणे आहे. मुदत ठेव आणि आवर्त ठेव याच जातीच्या.

तिसरे खाते सभासद कल्याण निधीचे किंवा मयत सभासद साहाय्य निधीचे. दरमहा पन्नास-शंभर रुपये जातात ते इथे. बहुतेक संस्थांच्या उपविधींत किंवा त्या निधीच्या नियमांत हा पैसा परत न मिळणारा असतो. तो मागून वाद घालण्याआधी नियम वाचा. काही ठिकाणी निवृत्तीच्या वेळी त्यातून काही रक्कम देण्याची तरतूद असते आणि ती मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

म्हणून पहिले काम: संस्थेत जाऊन खातेउतारा घ्या. शेअर्स किती, कायम ठेव किती, तिच्यावर व्याज कुठल्या तारखेपर्यंत जमा झाले, कर्ज बाकी किती आणि तुम्ही कुणाकुणाला जामीन आहात, या पाच गोष्टी लेखी मागा. तोंडी आकडा घेऊन घरी येऊ नका. कलम ३२ नुसार सभासदाला उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि वह्यांतला स्वतःच्या व्यवहाराचा भाग कार्यालयात विनाशुल्क पाहता येतो. लेखी मागून ठरलेली फी भरली, तर त्याची प्रत संस्थेने महिन्याच्या आत द्यायची असते. उपविधींचे पुस्तक तेव्हाच मागून घ्या. पुढे प्रत्येक पायरीला ते लागते.

कायदा राजीनाम्याबद्दल काय म्हणतो

राजीनामा दिला म्हणून सभासदत्व संपत नाही. कलम २५ नुसार राजीनामा स्वीकारला गेला की ते संपते. हा स्वीकार संचालक मंडळाच्या सभेतल्या ठरावाने होतो. म्हणजे तुमच्या हातात पोच असली आणि ठराव झालेला नसला, तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही अजून सभासदच आहात.

या कायद्याखालच्या १९६१ च्या नियमांप्रमाणे सभासदाने सचिवाला तीन महिन्यांची नोटीस द्यायची असते. त्याच्याकडे येणे असेल ते पूर्ण फेडलेले हवे आणि तो कुणाला जामीन असेल तर त्यातूनही तो मोकळा झालेला हवा, नाहीतर राजीनामा स्वीकारता येत नाही. स्वीकार झाल्यावर शेअर्सची रक्कम सहा महिन्यांच्या आत परत करायची असते. तीन आणि सहा मिळून नऊ महिने झाले. निवृत्ती ३१ मे रोजी असेल आणि अर्ज जूनमध्ये दिला, तर पुढचे वर्ष उजाडणार हे धरून चाला. निवृत्तीची तारीख आधीच ठाऊक असते, मग नोटीस फेब्रुवारीतच का देऊ नये? नोटिशीत ‘माझा राजीनामा सेवानिवृत्तीच्या दिनांकापासून अंमलात यावा’ असे लिहिता येते.

आता ती मर्यादा, जिच्या नावाखाली अर्ज थांबतात. कलम २९ मधील तरतुदीनुसार, राजीनामा दिलेल्या सभासदाचे शेअर्स संस्था परत घेऊ शकते, पण एका आर्थिक वर्षात अशा कामासाठी दिलेली एकूण रक्कम मागच्या ३१ मार्चच्या वसूल भागभांडवलाच्या १० टक्क्यांहून जास्त होता कामा नये. संस्थेचे वसूल भागभांडवल ४ कोटी असेल, तर वर्षभरात ४० लाखांचे शेअर्स परत होतील, त्यापुढे नाही. यात संचालकांची मर्जी चालत नाही. मर्यादा ओलांडली तर लेखापरीक्षक दोष काढतो. एका वर्षी मोठी तुकडी निवृत्त झाली की रांग लागते, हे खरे आहे.

मात्र हे १० टक्के फक्त भागभांडवलाचे. कायम ठेव, मुदत ठेव, आवर्त ठेव यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. ‘शेअर्सची मर्यादा संपली’ हे ठेव न देण्याचे कारण होऊच शकत नाही, आणि कुणी ते सांगत असेल तर त्याला लेखी द्यायला सांगा. लेखी देणारा मला आजवर भेटलेला नाही.

शंभराच्या शेअरचे शंभरच मिळतात का

चांगल्या संस्थेत होय. नियम २३ सांगतो की मर्यादित जबाबदारीच्या संस्थेत शेअरची किंमत सभासदत्व संपण्याच्या आधीच्या लेखापरीक्षित ताळेबंदातल्या आर्थिक स्थितीवरून काढायची आणि ती मूळ भरलेल्या रकमेपेक्षा जास्त असता कामा नये. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्यायचा. संस्थेची स्वतःची इमारत आज कोटींची असली, राखीव निधी भरगच्च असला, तरी त्यातला वाटा बाहेर जाणाऱ्याला मिळत नाही. शंभराचे शंभरच. उलट संस्थेला संचित तोटा असेल तर शंभराचे ऐंशी किंवा साठही होऊ शकतात.

म्हणून ताळेबंद पाहताना दायित्वांच्या बाजूला भागभांडवल आणि राखीव निधी बघा, मालमत्तेच्या बाजूला ‘संचित तोटा’ असे काही लिहिले आहे का ते बघा. थकबाकीच्या मानाने बुडीत व संशयित कर्ज निधी तोकडा दिसला तरी सावध व्हा. पगारातून वसुली असलेल्या संस्थेत सहसा हा प्रश्न येत नाही. येतो तो कर्जदार मोठ्या संख्येने नोकरी सोडून गेलेले असतात तिथे, विशेषतः बंद पडलेल्या गिरण्या-कारखान्यांच्या पतसंस्थांमध्ये. ठेवींचे मात्र असे मूल्यांकन होत नाही. ठेव ही ठेव, व्याजासह पूर्ण द्यायची. आणि संस्था अवसायनात गेली तर आधी ठेवीदार, सगळ्यात शेवटी भागधारक, हेही लक्षात असू द्या. बँकेच्या ठेवीला असते तसे पाच लाखांचे ठेव विमा संरक्षण पतसंस्थेच्या ठेवीला नाही.

जामीनकीची गाठ

राजीनामे कर्जापायी जितके अडतात त्याहून जास्त जामीनकीपायी अडतात. स्वतःचे कर्ज माणसाला माहीत असते. सात वर्षांपूर्वी चहा पिता पिता केलेली सही मात्र आठवत नाही. ज्याच्यासाठी केली तो नियमित हप्ते भरत असला तरी तुम्ही जामीन आहात तोवर राजीनामा स्वीकारता येत नाही.

यातून सुटायचा रस्ता कर्जदाराकडून जातो. त्याने बदली जामीनदार द्यायचा, त्या नव्या माणसाची पगाराची पात्रता संस्था तपासणार, मग संचालक मंडळ ठराव करून तुम्हाला मुक्त करणार. कर्जदाराला हे सांगायला संकोच वाटतो, पण नोटीस देण्याच्या आधीच सांगावे लागते. कारण नवा जामीनदार शोधायला दोन-तीन महिने सहज जातात. बाकी थोडी उरली असेल तर कर्जदाराने ती एकरकमी भरणे सगळ्यात सोपे.

कर्जदारच थकबाकीत असेल तर कोणी नवा जामीन उभा राहत नाही. तेव्हा संस्थेला लेखी विचारा: माझ्यावर या कर्जापोटी आज किती रक्कम लागू होते? कर्जाची थकबाकी ४० हजार आणि तुमच्या ठेवी दोन लाख असतील, तर तेवढ्यापुरती रक्कम राखून उरलेल्या ठेवीवरचा हक्क मोकळा करा, अशी मागणी करता येते. संचालक मंडळ दर वेळी मानेलच असे नाही, पण आकडा कागदावर आला की दोन लाख अडकवून ठेवणे त्यांनाही अवघड जाते. सुटका झाल्यावर तसे पत्र घ्या. ‘काढून टाकलंय हो तुमचं नाव’ यावर समाधान मानू नका.

एक प्रकरण, आकड्यांसह

समजा, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका शिक्षिकेची आंतरजिल्हा बदली होऊन ती रत्नागिरीहून साताऱ्याला गेली. १५ मे रोजी कार्यमुक्त झाली. पतसंस्थेचे कार्यक्षेत्र जुन्या जिल्ह्यापुरते, म्हणजे सभासदत्व सोडणे भाग. तिचा हिशेब असा: शेअर्स ८५०, प्रत्येकी १०० रुपये, म्हणजे ८५,००० रुपये. कायम ठेव १,९२,००० रुपये, व्याज ७ टक्के, ३१ मार्चपर्यंतचे जमा झालेले. मे अखेर कर्ज बाकी २,३५,००० रुपये, व्याज १० टक्के. जामीनकी दोन.

इथे पहिला पेच येतो. कर्ज फिटल्याशिवाय राजीनामा स्वीकारत नाहीत आणि राजीनामा स्वीकारल्याशिवाय कायम ठेव देत नाहीत. दोन लाख पस्तीस हजार रोख आणायचे कुठून? पुष्कळ लोक इथे दुसऱ्या पतसंस्थेचे कर्ज काढून हे कर्ज फेडतात. त्याची गरज नसते. कलम ४६ नुसार सभासदाच्या शेअर्सवर आणि ठेवींवर त्याच्या कर्जापोटी संस्थेचा बोजा असतो आणि ती रक्कम कर्जात वळती करून घेण्याचा अधिकार संस्थेला असतो. आपण अर्जात म्हणायचे की तो अधिकार आजच वापरा, माझी संमती आहे.

तिने २० मे रोजी अर्ज दिला, त्यात राजीनाम्याची नोटीस आणि वळतीची विनंती दोन्ही. जूनच्या मासिक सभेत वळतीचा ठराव झाला. ३० जूनचा हिशेब असा: कर्ज २,३५,००० आणि जूनचे व्याज १,९५८, एकूण २,३६,९५८. कायम ठेव १,९२,००० आणि एप्रिल ते जून तीन महिन्यांचे व्याज ३,३६०, एकूण १,९५,३६०. फरक ४१,५९८ रुपये. तेवढा धनादेश देऊन कर्ज निरंक.

ही वळती राजीनाम्याच्या स्वीकारापर्यंत लांबली असती तर काय झाले असते? त्याच १,९२,००० वर ती महिन्याला १,६०० रुपये कर्जाचे व्याज देत राहिली असती आणि ठेवीचे १,१२० घेत राहिली असती. म्हणजे दर महिन्याला ४८० रुपयांचा निव्वळ तोटा. रक्कम मोठी नाही, पण अर्ज वर्षभर पडून राहिला तर पावणेसहा हजार होतात, आणि ते फक्त अर्जात एक परिच्छेद न लिहिल्यामुळे.

जामीनकीपैकी एका कर्जदाराने जुलैत नवा जामीन दिला, दुसऱ्याने उरलेले तीन हप्ते एकदम भरले. नोटिशीचे तीन महिने २० ऑगस्टला पूर्ण झाले आणि ऑगस्टअखेरच्या सभेत राजीनामा स्वीकारला गेला. तिथून सहा महिने म्हणजे फेब्रुवारीअखेर. राहिले फक्त शेअर्स.

आणि इथे एक वाट आहे, जिचा उपयोग फारसा कुणी करत नाही. शेअर्स संस्थेनेच परत घेतले पाहिजेत असे नाही. वर्षाहून जास्त काळ धारण केलेले शेअर्स दुसऱ्या सभासदाच्या नावे हस्तांतरित करता येतात, संचालक मंडळाच्या मंजुरीने आणि उपविधींतल्या पद्धतीने. यात संस्थेच्या तिजोरीतून काही जात नाही, म्हणून १० टक्क्यांची मर्यादा आड येत नाही. ज्या सभासदाला मोठे कर्ज हवे आहे त्याला तसेही जादा शेअर्स घ्यावे लागणारच असतात. ते त्याने संस्थेकडून नवे घेण्याऐवजी तुमचे घ्यायचे. आपल्या शिक्षिकेने राजीनाम्याचा स्वीकार होण्याआधीच ५०० शेअर्स असे एका सहकाऱ्याच्या नावे केले असते, तर रांगेत उरले असते फक्त ३५० शेअर्सचे ३५,०००. यासाठी घेणाऱ्याची कमाल भागधारणेची मर्यादा ओलांडली जात नाही ना ते पाहावे लागते. सचिवाला याची सवय नसली की तो आधी ‘असं होत नाही’ म्हणतो. उपविधींत भाग हस्तांतरणाचा विषय असतोच, तो उघडून दाखवा.

अर्ज कसा लिहावा

अर्ज एकच असला तरी मागण्या क्रमांक घालून वेगवेगळ्या लिहा, म्हणजे एक अडली तरी दुसरी चालू राहते. मजकूर साधारण असा:

प्रति,
मा. अध्यक्ष / सचिव,
(संस्थेचे पूर्ण नाव व नोंदणी क्रमांक)

विषय: सभासदत्वाचा राजीनामा, कायम ठेवीची कर्जात वळती व भागांची रक्कम परत मिळणेबाबत.
सभासद क्रमांक: ……

महोदय,
माझी बदली (अथवा सेवानिवृत्ती) दि. …… रोजी झाली असून मी संस्थेच्या कार्यक्षेत्राबाहेर गेलो/गेले आहे. आदेशाची प्रत जोडली आहे. त्यास अनुसरून पुढीलप्रमाणे विनंती करतो/करते.

१. हा अर्ज माझ्या सभासदत्वाच्या राजीनाम्याची तीन महिन्यांची नोटीस समजावी व मुदत पूर्ण होताच होणाऱ्या पहिल्या सभेत राजीनामा स्वीकारावा.

२. माझ्या कर्ज खात्यावरील बाकीपोटी माझी कायम ठेव व्याजासह येत्या मासिक सभेत वळती करावी. त्यास माझी संमती आहे. वळतीनंतर उरणारी बाकी कळवल्यापासून आठ दिवसांत मी भरीन. (कर्ज नसल्यास: कायम ठेव, परतफेडीच्या दिवसापर्यंतच्या व्याजासह, राजीनामा स्वीकारताच माझ्या बँक खात्यात जमा करावी.)

३. माझ्या …… भागांची रक्कम रु. …… राजीनामा स्वीकारल्यापासून विहित मुदतीत परत करावी. चालू वर्षाची मर्यादा संपली असल्यास, या वर्षी आतापर्यंत दिलेली एकूण रक्कम व प्रतीक्षा यादीतील माझा क्रमांक लेखी कळवावा. या मागणीमुळे मागणी क्रमांक २ प्रलंबित ठेवू नये.

४. मी ज्या कर्जांना जामीनदार आहे त्यांची यादी व आजची बाकी कळवावी.

५. अदत्त लाभांश असल्यास तो सोबतच द्यावा.

सोबत: बदली / निवृत्ती आदेश, मूळ भाग दाखला, पासबुकाची प्रत, ठेव पावत्या, रद्द केलेला धनादेश, आधार व पॅनची प्रत.

आपला/आपली विश्वासू,
(सही, नाव, सध्याचा पत्ता, फोन, दिनांक)

तिसऱ्या मागणीतले शेवटचे वाक्य गाळू नका. सगळा अर्ज त्याच्यासाठीच आहे. आणि प्रतीक्षा यादीचा क्रमांक मागितला की यादी आहे की नाही हेही कळते. जिथे यादीच नसते, तिथे पैसे ओळखीने मिळत असतात.

अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. बदलीने दूर गेला असाल तर पोच मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्टाने पाठवा. नोटिशीचे तीन महिने पोचेच्या तारखेपासून मोजायचे, सचिवाने अर्ज सभेपुढे ठेवला त्या तारखेपासून नाही.

महिला सभासदांच्या बाबतीत एक अडचण वारंवार येते. सभासदत्व माहेरच्या नावाने, बँक खाते सासरच्या नावाने. राजपत्रातल्या नावबदलाची किंवा विवाह नोंदणी दाखल्याची प्रत पहिल्याच दिवशी जोडा, नाहीतर सगळे मंजूर होऊन धनादेश परत येतो. भाग दाखला हरवला असेल तर घाबरायचे कारण नाही. शेअर्सची नोंद संस्थेच्या भाग नोंदवहीत असतेच. उपविधींप्रमाणे हमीपत्र दिले की काम होते.

आणखी एक साधी गोष्ट विसरली जाते: वेतन कपात थांबवणे. राजीनामा स्वीकारला, तरी आहरण व संवितरण अधिकाऱ्याला संस्थेचे पत्र गेले नाही तर कपात सुरूच राहते. संस्थेकडून ते पत्र मागून त्याची प्रत स्वतः कार्यालयात द्या.

पैसे हातात येताना

संस्था एक पावती किंवा व्हाउचर पुढे करते, ज्यावर ‘सर्व रक्कम पूर्ण व अंतिम मिळाली’ असे छापलेले असते. सही करण्याआधी हिशेबपत्रक मागा. त्यात बघायच्या गोष्टी तीन-चारच आहेत. ठेवीचे व्याज ३१ मार्चपर्यंतच धरले की प्रत्यक्ष देण्याच्या दिवसापर्यंत? बहुतेक चुका इथेच सापडतात, आणि त्या बहुतेक वेळा जाणूनबुजून नसतात, संगणकात व्याज वर्षअखेरीस पडते म्हणून होतात. कर्जाचे व्याज मात्र त्याच संगणकात रोजच्या रोज पडलेले असते. कपात काही केली असेल तर कशाची, ते नाव घालून लिहिले आहे का? शेअर्स बाकी असतील तर पावतीवर स्वतःच्या हाताने ‘भागांची रक्कम रु. …… येणे बाकी’ असे लिहूनच सही करा.

लाभांशाचे गणित थोडे वेगळे आहे. मागच्या वर्षाचा लाभांश वार्षिक सभेत मंजूर होतो आणि ती सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायची असते. ३१ मार्च रोजी तुमच्या नावावर शेअर्स होते आणि तुम्ही जून-जुलैत बाहेर पडलात, तर त्या वर्षाचा लाभांश नंतर मागायला विसरू नका. तो १५ टक्क्यांच्या वर नसतो, पण ८५,००० वर आठ टक्के धरले तरी ६,८०० होतात. चालू वर्षाच्या मोडक्या महिन्यांचा लाभांश मिळतो का, ते उपविधी सांगतील. ठेवीवर मिळालेले व्याज विवरणपत्रात दाखवायचे असते. शेअर्सची मूळ रक्कम हे उत्पन्न नव्हे.

कर्ज निरंक दाखला, जामीनकीतून मुक्ततेचे पत्र आणि राजीनामा स्वीकृतीच्या ठरावाची प्रत, हे तीन कागद घेऊनच बाहेर पडा. कर्जाच्या वेळी सही केलेले कोरे धनादेश दिले असतील तर तेही परत घ्या. कायद्याप्रमाणे, सभासदत्व संपले त्या दिवशी संस्थेची जी देणी होती, त्यापुरती माजी सभासदाची जबाबदारी दोन वर्षे राहते. मर्यादित जबाबदारीच्या संस्थेत त्याचा फारसा बाऊ करायचे कारण नाही, पण ठरावाची प्रत ती दोन वर्षे नेमकी कधी सुरू झाली याचा पुरावा असते.

दिरंगाई होऊ लागली तर

आधी एक स्मरणपत्र, पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक घालून. त्यात भावनिक काही लिहू नका, फक्त तारखा. नोटीस या दिवशी, मुदत या दिवशी पूर्ण, त्यानंतर दोन मासिक सभा झाल्या, निर्णय कळलेला नाही. सोबत कलम ३२ खाली संबंधित सभांच्या इतिवृत्ताची प्रत मागा. अर्ज सभेपुढे ठेवलाच नव्हता हे बहुधा तिथेच उघड होते.

त्यानंतर तालुक्याचे सहायक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था. त्यांच्याकडे तक्रार करताना पैसे वसूल करून द्या असे म्हणण्यापेक्षा, संस्थेने कायदा-नियमांप्रमाणे करायचे अमुक काम मुदतीत केलेले नाही, तिला निर्देश द्यावेत, असे म्हणा. निबंधक कार्यालय दिवाणी न्यायालयासारखा पैशांचा निवाडा करत नाही, पण तिथून खुलासा मागवणारे पत्र गेले की पुढच्याच सभेत विषय लागतो, असा माझा अनुभव आहे. आम्हाला असे पत्र आले होते तेव्हा तो अर्ज आठ दिवसांत सापडला होता.

खरा वाद असेल, म्हणजे शेअरचे मूल्य कमी धरले, जामीनकीपोटी जास्त रक्कम कापली किंवा ठेवीचे व्याज नाकारले, तर कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाता येते आणि माजी सभासदालाही तो हक्क आहे. ठेव मुदत होऊनही देत नसतील तर जिल्हा ग्राहक आयोगाचा पर्याय मोकळा आहे. सहकार कायद्यात वादाची वेगळी सोय असली तरी ग्राहक मंचाचा रस्ता बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये एका सहकारी पतसंस्थेच्याच प्रकरणात स्पष्ट केले आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात तिथे शुल्क नाही, मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावे लागते. शेअर्सच्या पैशासाठी मात्र हा रस्ता धरू नका. शेअर्स घेणारा भागधारक असतो, सेवा घेणारा ग्राहक नव्हे, आणि संस्थेचा वकील पहिल्याच तारखेला हाच मुद्दा काढतो. तो दावा सहकार न्यायालयातच नीट बसतो. बहुराज्य संस्थेच्या ठेवीदारांसाठी २०२३ च्या दुरुस्तीने सहकार लोकपालाची व्यवस्था आली आहे, त्यांनी तिकडे जावे.

आणि संस्थेवर प्रशासक बसला आहे किंवा अवसायक नेमला आहे असे कळले, तर वरच्या पायऱ्या चढत बसू नका. तुमच्या ठेवीचा दावा, पावत्यांच्या प्रतींसह, थेट त्या अधिकाऱ्याकडे नोंदवा आणि शेअर्सचा दावा वेगळ्या कागदावर द्या.